ग्राहकाने 'राउंड' रक्कम ठरवली की बिल उलटं कसं काढायचं: करासहित किमतीतून करपात्र मूल्य आणि जीएसटी

काउंटरवर सौदा नेहमी शेवटच्या आकड्यावर होतो. "पंधरा हजार घ्या आणि पक्कं बिल द्या" असं ग्राहक म्हणतो, मालक मान हलवतो आणि बिल करणाऱ्या मुलासमोर कोडं पडतं. कपाटाची किंमत होती १३,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५,३४०. आता १५,००० मध्ये सगळं बसवायचं. मग कोणी पंधरा हजारांचे अठरा टक्के वजा करतो, कोणी बिलाच्या तळाशी ३४० रुपये 'डिस्काउंट' लिहितो, कोणी तेच 'राउंड ऑफ'मध्ये ढकलतो. तिन्ही ठिकाणी बेरीज १५,००० येते, म्हणून चूक दिसत नाही. ती विवरणपत्र भरताना दिसते, किंवा दिसतच नाही आणि दुकान दर बिलामागे थोडा जास्तीचा कर स्वतःच्या खिशातून भरत राहतं.

हा लेख नियमित योजनेत नोंदणी असलेल्या दुकानासाठी आहे. कंपोझिशनमध्ये असाल तर ग्राहकाकडून कर वेगळा घ्यायचाच नसतो. तुमचं 'बिल ऑफ सप्लाय' थेट १५,००० चं होतं, त्यावर कर दाखवायचा नाही, आणि तुमचा कर उलाढालीवर तुम्ही स्वतः भरता. खालचं उलटं गणित तुम्हाला लागू नाही.

कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे घेतले आहेत.

## तयारी: सौद्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात

वस्तूचा दर. एचएसएन कोडप्रमाणे वस्तू ५ टक्क्यांत आहे की १८ टक्क्यांत, हे लेबलवर किंवा तुमच्या यादीत आधीच लिहिलेलं असावं. जुन्या यादीत अजून १२ किंवा २८ दिसत असेल तर ती यादी आधी दुरुस्त करा. तयार कपडे आणि पादत्राणं विकत असाल तर दर किमतीप्रमाणे बदलतो. तिथे सर्वात जास्त घोळ होतो, म्हणून त्यासाठी पाचवा टप्पा वेगळा ठेवला आहे.

तुमची खालची मर्यादा. ती करासहित रकमेत लिहून ठेवा, कारण ग्राहक त्याच भाषेत बोलतो. कपाट तुम्हाला करपात्र मूल्यात १२,४०० च्या खाली परवडत नसेल, तर तुमची मर्यादा १२,४०० × १.१८ म्हणजे १४,६३२ आहे. बिल करणाऱ्या मुलाला हाच आकडा द्या. १२,४०० सांगितलात तर तो ग्राहकाला १४,००० ला हो म्हणून बसेल.

सूट कोणाच्या खिशातून जाते. १८ टक्क्यांच्या वस्तूवर शंभर रुपये सोडले की दुकानाचे ८४ रुपये ७५ पैसे जातात, उरलेले १५ रुपये २५ पैसे करातून कमी होतात. ५ टक्क्यांच्या वस्तूवर शंभरातले ९५ रुपये २४ पैसे दुकानाचे असतात. अर्थात हे तेव्हाच खरं, जेव्हा बिल नीट बनतं. सूट चुकीच्या जागी लिहिली तर शंभरच्या शंभर तुमचेच.

## टप्पा १: रक्कम करासहित आहे ना, हे तोंडी पक्कं करा

घरगुती ग्राहक 'पंधरा हजार' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सगळं धरून पंधरा हजार असतात. जीएसटी क्रमांक असलेला व्यापारी तेच म्हणतो तेव्हा बहुतेकदा 'पंधरा हजार अधिक जीएसटी' असा अर्थ असतो, कारण भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळणार असतं. पहिल्याचं बिल १५,००० चं, दुसऱ्याचं १७,७०० चं. फरक २,७०० रुपयांचा आहे, म्हणून "बिलासकट पंधरा ना?" एवढं एक वाक्य विचारूनच पुढे जा.

छापील एमआरपी असलेल्या पाकीटबंद मालावर हा प्रश्न येत नाही. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे त्याहून खाली ठरलेली रक्कमही करासहितच. त्यावर वर जीएसटी लावता येत नाही.

ग्राहकाने जुनी वस्तू बदल्यात दिली असेल तर ती सूट समजू नका. समजा नवं कपाट १५,००० ला ठरलं आणि जुन्या कपाटाचे १,००० वजा करून ग्राहकाने १४,००० रोख दिले. अशा व्यवहारात जुनी वस्तू हाही मोबदल्याचाच भाग असतो, त्यामुळे उलटं गणित १५,००० वरून करायचं.

> थांबा आणि पाहा: सौदा अजून चालू असेल तर बिल काढू नका. बिल फाडल्यावर, माल घरी पोचवताना ग्राहकाने "दोनशे कमी घ्या" म्हटलं आणि तुम्ही घेतले, तर ते दोनशे करपात्र मूल्यातून आपोआप वजा होत नाहीत. तिथे क्रेडिट नोटचे वेगळे नियम लागतात. सूट विक्रीच्या आधी किंवा विक्रीच्या वेळी दिलेली असावी आणि बिलावर नोंदलेली असावी, ही केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५(३) मधली साधी वाट आहे. तीच धरा.

## टप्पा २: करपात्र मूल्य काढा

ठरलेली रक्कम ११८ भागांची आहे असं धरा. त्यातले १०० भाग मालाचे, १८ कराचे. म्हणून:

करपात्र मूल्य = ठरलेली रक्कम × १०० ÷ (१०० + दर)

आपल्या कपाटाचं: १५,००० × १०० ÷ ११८ = १२,७११.८६४… म्हणजे दोन दशांशांपर्यंत १२,७११.८६.

कर थेट काढायचा असेल तर जीएसटी नियमांतला नियम ३५ हेच दुसऱ्या बाजूने सांगतो: करासहित मूल्य गुणिले दर, भागिले शंभर अधिक दर. यातला दर म्हणजे सगळे कर मिळून, सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ असेल तर १८. नुसते ९ घेऊन १०९ ने भागलं की उत्तर चुकतं, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

सगळ्यात जुनी चूक मात्र पंधरा हजारांचे अठरा टक्के, म्हणजे २,७०० वजा करून १२,३०० मूल्य धरण्याची. ती पकडायला पाच सेकंद लागतात: आलेल्या मूल्यावर पुन्हा कर लावून पाहा. १२,३०० वर १८ टक्के २,२१४ होतात, बेरीज १४,५१४. पंधरा हजार येत नाहीत, म्हणजे आकडा चूक.

कॅल्क्युलेटर हातात नसताना अंदाज हवा असेल तर ५ टक्क्यांच्या वस्तूत करासहित रकमेला २१ ने भागा, आला तो कर. १८ टक्क्यांत रकमेचे सव्वापंधरा टक्के धरा. बिलासाठी हे वापरू नका, पण आलेला आकडा बरा दिसतो की नाही हे कळायला पुरतं.

## टप्पा ३: सूट करपात्र मूल्यात दाखवा, तळाशी नाही

आता बिलावर काय लिहायचं? मूळ दर १३,००० तसाच ठेवा. त्याच ओळीत सूट लिहा:

१३,०००.०० − १२,७११.८६ = २८८.१४

ग्राहकाला सूट मिळाली ३४० ची. त्यातले २८८.१४ दुकानाचे आणि ५१.८६ करातले. बिलावर 'डिस्काउंट'च्या रकान्यात २८८.१४ च जाणार. काही ग्राहक लगेच विचारतात, "तीनशे चाळीस कमी केले होते ना?" त्यांना खालची बेरीज दाखवा. त्यांना १५,००० च द्यायचे आहेत.

आता चुकीचं बिल शेजारी ठेवून पाहू:

| | बरोबर | तळाशी सूट |
|---|---|---|
| दर | १३,०००.०० | १३,०००.०० |
| ओळीतली सूट | २८८.१४ | – |
| करपात्र मूल्य | १२,७११.८६ | १३,०००.०० |
| सीजीएसटी ९% | १,१४४.०७ | १,१७०.०० |
| एसजीएसटी ९% | १,१४४.०७ | १,१७०.०० |
| करानंतरची सूट | – | ३४०.०० |
| ग्राहकाने द्यायचे | १५,०००.०० | १५,०००.०० |
| दुकानाकडे राहिले | १२,७११.८६ | १२,६६०.०० |

उजवीकडच्या बिलात तुम्ही १३,००० वर कर दाखवला, म्हणजे २,३४० भरायचे. मिळाले १५,०००, त्यामुळे हातात १२,६६० उरले. एका कपाटामागे ५१ रुपये ८६ पैसे गेले. ग्राहकाला फरक पडत नाही, सरकारला जास्त मिळतं, आणि नोटीस वगैरे काहीच येत नाही. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये सूट लिहायच्या दोन जागा असतात, ओळीतली आणि बिलाच्या तळाची. तळाची जागा कराच्या आधी लागते की नंतर, हे एक खोटं बिल बनवून आजच तपासा. कंपनीच्या माणसाला फोनवर विचारून खात्री होत नाही, बिल छापल्यावर होते.

## टप्पा ४: कर अर्धा-अर्धा काढा, मग पैशांचा हिशेब जुळवा

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. दोन्ही करपात्र मूल्यावर वेगवेगळे काढायचे आणि प्रत्येक दोन दशांशांपर्यंत पूर्ण करायचा. दोन्हींचा आकडा सारखाच असला पाहिजे. एकत्र कर काढून त्याचे दोन तुकडे केले आणि एकात १,१४४.०६, दुसऱ्यात १,१४४.०८ असं काही झालं, तर ते बिल चुकलेलं आहे.

कोल्हापूरचं दुकान पणजीतल्या ग्राहकाच्या पत्त्यावर बिल करून माल तिकडे पाठवत असेल तर आयजीएसटी १८ टक्के, एकाच ओळीत. मूल्य तेच, १२,७११.८६. आयजीएसटी २,२८८.१४ नव्हे, २,२८८.१३ येईल, कारण तिसरा दशांश पाचपेक्षा कमी आहे; बेरीज १४,९९९.९९ होते आणि राउंड ऑफ ०.०१.

राज्यातल्या विक्रीत कपाटाची बेरीज बरोबर १५,००० आली, हे नशीब. नेहमी तसं होत नाही. पाच हजारांचा सौदा घ्या:

- करपात्र मूल्य: ४,२३७.२९
- सीजीएसटी: ३८१.३६
- एसजीएसटी: ३८१.३६
- बेरीज: ५,०००.०१

एक पैसा जास्त. इथे राउंड ऑफच्या ओळीत −०.०१ लिहा आणि विषय संपवा. मूल्य ४,२३७.२८ करून बेरीज जुळवायच्या नादी लागू नका. तसं केलं तरी सीजीएसटी ३८१.३६ च येतो आणि बेरीज बरोबर ५,००० होते, हे खरं. पण मग प्रत्येक बिलात कोणीतरी हाताने मूल्य ढकलत बसणार, आणि एक दिवस तो ढकललेला आकडा पैशांचा न राहता रुपयांचा होणार.

राउंड ऑफची ओळ पैशांसाठी आहे, फार तर पन्नास पैसे इकडे-तिकडे. त्या ओळीत वीस रुपये दिसले तर ती सूट आहे आणि तिची जागा वर, ओळीत आहे.

### नगांनी विक्री असेल तर

डझनभर प्लास्टिकच्या खुर्च्या सरसकट दहा हजारांना ठरल्या. करपात्र मूल्य ८,४७४.५८. याला बाराने भागलं तर एका खुर्चीचा दर ७०६.२१५ येतो. सॉफ्टवेअर तो ७०६.२२ करतं, बाराने गुणतं, ८,४७४.६४ धरतं, आणि बेरीज १०,०००.०८ होते. नग जितके जास्त तितका हा फरक फुगतो. शंभर नगांच्या बिलात तो राउंड ऑफच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

उपाय असा की प्रतिनग दर मागे काढायचाच नाही. यादीतला मूळ दर ठेवा, नगांनी गुणा, आणि त्या ओळीची एकूण सूट रुपयांत टाका, टक्क्यांत नाही. मूळ दर ७५० असेल तर १२ × ७५० = ९,०००, सूट ५२५.४२, मूल्य ८,४७४.५८. मग कर ७६२.७१ आणि ७६२.७१, बेरीज नेमकी १०,०००.

### एक्सेलमध्ये करायचं असेल तर

B2 मध्ये ठरलेली रक्कम, C2 मध्ये दर. दर नुसता 18 असा लिहा, टक्क्याच्या चिन्हाशिवाय. चिन्ह लावलं तर एक्सेल ते 0.18 समजतं आणि मूल्य १४,९७३ च्या आसपास येतं.

```
D2: =ROUND(B2*100/(100+C2),2)
E2: =ROUND(D2*C2/200,2)
F2: =E2
G2: =ROUND(B2-D2-E2-F2,2)
```

D मूल्य, E आणि F दोन कर, G राउंड ऑफ. G मध्ये काही पैशांपेक्षा मोठा आकडा दिसला तर आधीचं काहीतरी चुकलं आहे.

## टप्पा ५: कपडे आणि पादत्राणं, जिथे काही रकमांना उत्तरच नसतं

तयार कपड्यांना प्रतिनग विक्रीमूल्य २,५०० पर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के दर आहे. पादत्राणांना हीच मर्यादा प्रतिजोड लागते. हे मूल्य कर सोडून आणि बिलावरची सूट वजा करून आलेलं. लेबलवरची एमआरपी नव्हे.

म्हणजे उलटं गणित करायला दर लागतो, आणि दर ठरवायला त्याच गणिताचं उत्तर लागतं. बहुतेक रकमांना हे अडत नाही. मधल्या एका पट्ट्यात मात्र पूर्ण अडतं.

ब्लेझरची किंमत २,८०० अधिक १८ टक्के, म्हणजे ३,३०४. ग्राहक म्हणतो, "अठ्ठावीसशे घ्या, बिल द्या." १८ टक्के धरून पाहा: २,८०० × १०० ÷ ११८ = २,३७२.८८. हे २,५०० च्या आत आहे, म्हणजे दर ५ टक्के असायला हवा होता. बरं, ५ टक्के धरू: २,८०० × १०० ÷ १०५ = २,६६६.६७. हे २,५०० च्या वर आहे, म्हणजे दर १८ टक्के असायला हवा. दोन्ही दर स्वतःलाच खोटं ठरवतात. २,८०० या करासहित रकमेला कायद्यात बसणारं मूल्य नाहीच.

| ठरलेली रक्कम | १८% ने मूल्य | ५% ने मूल्य | निकाल |
|---|---|---|---|
| २,६०० | २,२०३.३९ | २,४७६.१९ | ५% |
| २,६२५ | २,२२४.५८ | २,५००.०० | ५% |
| २,८०० | २,३७२.८८ | २,६६६.६७ | उत्तर नाही |
| २,९५० | २,५००.०० | २,८०९.५२ | उत्तर नाही |
| २,९५१ | २,५००.८५ | २,८१०.४८ | १८% |
| ३,००० | २,५४२.३७ | २,८५७.१४ | १८% |

२,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंतच्या सगळ्या रकमा या खड्ड्यात येतात. २,९५० सुद्धा, कारण तिथे मूल्य बरोबर २,५०० येतं आणि २,५०० 'पर्यंत' ५ टक्केच आहेत.

व्यवहारात लोक यातून दोन वाईट वाटा काढतात. काही जण लेबल वरचं आहे म्हणून डोळे झाकून १८ टक्के लावतात. मूल्य २,३७२.८८ असताना १८ टक्के घेतले, म्हणजे ग्राहकाकडून जास्तीचा कर घेतला, आणि कर म्हणून गोळा केलेली रक्कम भरावीच लागते. दुसरे ५ टक्के लावून २,६६६.६७ मूल्य दाखवतात. हे सरळसरळ कमी कर लावणं आहे, आणि बिलावरचा तो आकडाच त्याची साक्ष देतो.

योग्य वाट म्हणजे ती रक्कम न ठरवणं. आणि इथेच काउंटरवरच्या माणसाला माहीत असावं असं गणित आहे. २,८०० ला १८ टक्के लावून विकलं तर दुकानाकडे २,३७२.८८ राहतात. तोच ब्लेझर २,६०० ला दिला तर ५ टक्के लागून २,४७६.१९ राहतात. ग्राहक दोनशे रुपये कमी देतो आणि दुकानाला १०३ रुपये ३१ पैसे जास्त मिळतात. २,६२५ वर तर पूर्ण २,५०० राहतात, जे २,९५१ ला विकून मिळणाऱ्या २,५००.८५ पेक्षा फक्त ८५ पैशांनी कमी आहेत.

तेव्हा ग्राहक २,७००, २,८००, २,९०० असं काही बोलला की त्याच्याशी पन्नास-शंभरावर ताणत बसू नका. "सव्वीसशे पंचवीस द्या, शेवटचं" म्हणा. तो खूश होईल, कारण त्याने मागितलं त्याहून खाली तुम्ही आलात. तीन हजारांना राजी असलेल्या ग्राहकाला मात्र खाली ओढू नका. तिथे दर बरोबर बसतो आणि ४२ रुपये जास्तही मिळतात.

> तपासणी: २,६२५ चं बिल असं दिसलं पाहिजे: दर २,८००, ओळीतली सूट ३००, मूल्य २,५००, सीजीएसटी ६२.५०, एसजीएसटी ६२.५०. सूट तळाशी टाकली तर सॉफ्टवेअर मूळ २,८०० पाहून १८ टक्के लावतं. काही सॉफ्टवेअर ओळीत सूट टाकल्यावरही दर आपोआप बदलत नाहीत. बिलावरचा दर डोळ्यांनी पाहा.

तीन शर्ट एकत्र सात हजारांना ठरले तर ही तपासणी प्रत्येक शर्टाची वेगळी करा. मर्यादा नगाला आहे, बिलाला नाही.

## टप्पा ६: एकाच बिलात दोन दर

रुखवताची खरेदी. मिक्सर ४,००० अधिक १८ टक्के, म्हणजे ४,७२०. स्टीलची भांडी ६,००० अधिक ५ टक्के, म्हणजे ६,३००. एकूण ११,०२०. मुलीचे वडील म्हणतात, "साडेदहा करा."

सरासरी दर काढू नका. १८ आणि ५ चे साडेअकरा धरून मागे गेलात तर कर १,०८३ च्या आसपास येतो. बरोबर कर ९७२ च्या आत आहे, कारण भांड्यांची रक्कम मोठी आहे. बिल दर दरासाठी वेगळं उलटायचं असतं.

ठरलेली रक्कम आधी करासहित किमतींच्या प्रमाणात वाटा:

- मिक्सर: १०,५०० × ४,७२० ÷ ११,०२० = ४,४९७.२८
- भांडी: १०,५०० × ६,३०० ÷ ११,०२० = ६,००२.७२

दोन्हींची बेरीज १०,५०० आली का ते पाहा. मगच प्रत्येकाचं मूल्य काढा. मिक्सर ३,८११.२५, त्यावर ३४३.०१ चे दोन कर. भांडी ५,७१६.८८, त्यावर १४२.९२ चे दोन कर. सगळ्याची बेरीज १०,४९९.९९, राउंड ऑफ ०.०१. ओळीतल्या सुटी १८८.७५ आणि २८३.१२.

सगळी सूट मिक्सरवर टाकली तर कर कमी बसतो, हे हुशार लोकांच्या लगेच लक्षात येतं. मिक्सरचाच भाव पाडून सौदा झाला असेल तर तसं बिल करायला हरकत नाही. पण सूट सरसकट मागितली असताना रोज ती १८ टक्क्यांच्याच वस्तूवर पडत असेल, तर ते तपासणीत उठून दिसतं. प्रमाणात वाटणं समजावून सांगायलाही सोपं.

आणि बिलावर 'रुखवत संच, १ नग, १०,५००' असं कधीही लिहू नका. वेगवेगळ्या वस्तू एकाच किमतीत एकत्र विकल्या की तो मिश्र पुरवठा ठरू शकतो, आणि मग सगळ्यावर त्यातला सर्वात वरचा दर, म्हणजे भांड्यांवरही १८ टक्के. प्रत्येक वस्तूची ओळ वेगळी, किंमत वेगळी, सूट वेगळी.

## टप्पा ७: बिल हातात देण्याआधी आणि महिन्याच्या शेवटी

बिल छापल्यावर तीन आकडे पाहा. शेवटची रक्कम ठरली तीच आहे का. सीजीएसटी आणि एसजीएसटी सारखे आहेत का. करपात्र मूल्याला दराने गुणल्यावर बिलावरचा कर येतो का. तिसरी तपासणी लोक सोडतात, आणि तळाशी टाकलेली सूट नेमकी तिथेच निसटते: कर १३,००० वर बरोबर असतो, पण १३,००० हे मूल्यच चुकीचं असतं. म्हणून मूल्य आणि कर यांची बेरीज ही द्यायच्या रकमेएवढीच आहे, मध्ये आणखी कुठली वजाबाकी नाही, हेही पाहा.

महिना संपला की खातेवहीत राउंड ऑफचं खातं उघडा. त्यात पैशांच्या नोंदी असतील आणि बेरीज शून्याच्या आसपास घुटमळत असेल तर ठीक. दहा, पन्नास, शंभरच्या नोंदी दिसल्या तर ती बिलं बाहेर काढा. त्यानंतर 'डिस्काउंट दिला' हे खर्चाचं खातं पाहा. काउंटर विक्रीची सूट ओळीत गेली असेल तर ती विक्रीतूनच वजा झालेली असते आणि या खात्यात तिची नोंद येण्याचं कारण नसतं. तिथे जितकी काउंटरची सूट पडलेली असेल, तितक्या सुटीवर तुम्ही कर भरला आहे. १८ टक्क्यांच्या मालात त्या बेरजेला ११८ ने भागून १८ ने गुणलं की जास्त गेलेला कर कळतो. कपाटाच्या ३४० वर तो ५१.८६ आला होता.